सुळा कुठे गेला?

सांगलीहून मिरजेला जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला गेल्या वर्षी दोन फलक जवळजवळ उभे होते. दोन्ही दातांच्या दवाखान्यांचे. पहिल्यावर एक तरुण जोडपे हसत होते आणि खाली लिहिले होते, ‘हॉलिवूड स्माईल, फक्त दोन भेटींत’. दुसऱ्यावर पन्नाशीची एक बाई होती. साधी सुती साडी, कानात कुड्या, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. तिच्या चेहऱ्याखाली एवढेच होते, ‘दात तुमचेच. आम्ही फक्त सांभाळतो.’

महिनाभर बसमधून येता-जाता हे दोन फलक पाहिल्यावर माझ्या लक्षात आले, की पहिल्या फलकावरच्या माणसांचे चेहरे मला एकदाही आठवत नाहीत, आठवते ती फक्त एक पांढरी पट्टी. दुसऱ्या फलकावरची बाई मात्र ओळखीची वाटू लागली होती. असे का व्हावे? ‘एक खोटे, दुसरे खरे’ हे उत्तर सोपे आहे, पण त्याने काहीच कळत नाही. दोन्ही छायाचित्रेच होती, दोन्ही जाहिरातीच होत्या. म्हणून एके दिवशी मी मध्येच उतरलो आणि दोन्ही फलकांवरचे दात एखादा मजकूर वाचावा तसे एकेक करून वाचले.

माणसाच्या वरच्या जबड्यात समोर मधोमध दोन रुंद दात असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक अरुंद आणि किंचित आखूड दात असतो, आणि त्यापलीकडे सुळा. सुळ्यापाशी दातांची रांग वळण घेते. पुढचे दात समोर बघतात, दाढा बाजूला बघतात, आणि सुळा त्या कोपऱ्यावर उभा असतो. पहिल्या फलकावर मी मधल्या रेघेपासून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळे दात सारख्याच रुंदीचे, सारख्याच उंचीचे. त्या तरुणाच्या तोंडात मला सुळा सापडला नाही. दुसऱ्या फलकावरच्या बाईचा सुळा रस्त्याच्या पलीकडूनही दिसत होता, कारण तो शेजारच्या दातापेक्षा स्पष्ट पिवळा होता.

हा पिवळेपणा म्हणजे अस्वच्छता नव्हे. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, पूर्ण पांढरे नसते. ते दुधी काचेसारखे अर्धपारदर्शक असते. त्याच्या आत डेंटीनचा थर असतो आणि तो पिवळसर असतो. आपल्याला दाताचा म्हणून जो रंग दिसतो तो बराचसा आतून झिरपून आलेला असतो. सुळ्यात डेंटीन जास्त जाड, म्हणून सुळा जास्त पिवळा. हिरडीजवळ इनॅमल पातळ, म्हणून प्रत्येक दात मुळाशी गडद. उलट पुढच्या दातांच्या खालच्या धारेशी मागे डेंटीन जवळजवळ नसतेच, म्हणून तेथे निळसर-राखी झाक दिसते. एकाच दातात वरपासून खालपर्यंत असे तीन रंग असतात. पहिल्या फलकावर या तिन्हींच्या जागी एकच रंग होता, आणि तो त्या तरुणाच्या डोळ्यांतल्या पांढऱ्यापेक्षाही पांढरा होता. दंतवैद्यांमध्ये एक ढोबळ कसोटी वापरतात, की दात डोळ्यांच्या पांढऱ्या भागापेक्षा उजळ दिसू लागले की चेहऱ्यात ते वेगळे पडतात. पाहणाऱ्याची नजर डोळ्यांवर न जाता थेट तोंडावर जाते. मला चेहरे आठवत नव्हते ते यामुळेच.

दुसरी गोष्ट सावल्यांची. दोन दातांच्या खालच्या टोकांमध्ये उलट्या ‘व्ही’सारखी लहानशी काळी फट असते. मधल्या दोन दातांमध्ये ती अगदी बारीक, त्यापुढे थोडी मोठी, आणि सुळ्यापाशी सर्वांत मोठी. या वाढत जाणाऱ्या फटींमुळेच एक दात दुसऱ्यापासून सुटा दिसतो. तसेच हसताना ओठांच्या कोपऱ्यांत, दाढा आणि गाल यांच्यामध्ये, थोडा अंधार राहतो. दुसऱ्या फलकावर हे सगळे होते. पहिल्या फलकावर फटी बुजलेल्या होत्या आणि ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पांढरे भरलेले होते. तोंडाला जणू खोलीच उरली नव्हती.

हे कसे घडते ते फ्लेक्सची कामे करणाऱ्या एका परिचिताने मला संगणकावर करून दाखवले. चित्रातला पिवळा रंग निवडायचा, त्याची तीव्रता उतरवायची आणि उजळपणा चढवायचा. दोन मिनिटांचे काम. पण संगणकाला सुळ्याचा पिवळा आणि चहाच्या डागाचा पिवळा यांतला फरक कळत नाही. तो दोन्ही पुसतो. उजळपणा चढवला की फटींतल्या सावल्याही फिकट होतात. म्हणजे पहिल्या फलकातले दात कोणी मुद्दाम तसे रेखाटलेले असतीलच असे नाही. डाग पुसता पुसता दातही पुसले गेले असणे पुरेसे आहे.

जपानी यंत्रशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एक छोटा निबंध लिहिला होता. यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की आधी आपल्याला तो आवडू लागतो, पण साम्य फार वाढले आणि तरी कुठेतरी कमी पडले, तर आवड एकदम घसरून शिसारी येते, असे त्यांचे म्हणणे. त्या घसरणीला त्यांनी दरी म्हटले. त्यांचे एक उदाहरण कृत्रिम हाताचे आहे. दिसायला हुबेहूब हात, पण हातात घेतला की गार लागतो आणि आपण दचकतो. दातांचेही तसेच आहे. लाकडी बाहुलीच्या तोंडातली पांढरी पट्टी कुणाला खटकत नाही, कारण बाहुली आपण माणूस आहोत असा दावा करत नाही. त्वचेवरचे रंध्र न् रंध्र दिसणाऱ्या चेहऱ्यात तीच पट्टी बसवली की ती गार हातासारखी लागते.

मग ही पट्टी आली कुठून? फलकावरचा ‘हॉलिवूड’ हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. १९३०च्या दशकात चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य तिथल्या चित्रपट कलावंतांसाठी दातांची पातळ आवरणे बनवत. चित्रीकरणाच्या वेळी ती कवळी चिकटवायच्या पावडरीने तात्पुरती बसवायची आणि काम संपले की काढून ठेवायची. त्या आवरणांनी जेवता येत नसे आणि ती जेवण्यासाठी नव्हतीच. कृष्णधवल फिल्म, प्रखर दिवे आणि मोठा पडदा यांसाठी केलेला तो एक प्रकारचा रंगभूषेचा भाग होता. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही आपली म्हण त्यांना तंतोतंत लागू पडते. पुढे १९५५ साली इनॅमलवर आम्लाची प्रक्रिया करून त्याला पदार्थ चिकटवण्याची रीत मायकेल बुओनोकोर यांनी मांडली आणि १९८०च्या दशकात पोर्सेलीनची आवरणे, म्हणजे आजची व्हीनिअर, दातावर कायमची बसू लागली. दाखवायचे दात तेव्हापासून खायच्या दातांवर चढले. पडद्यावरची रंगभूषा पडदा संपल्यावरही चेहऱ्यावर राहू लागली.

‘कायमची’ या शब्दापाशी थांबायला हवे, कारण जाहिरातीचा प्रश्न इथे केवळ अभिरुचीचा राहत नाही. व्हीनिअर बसवण्यासाठी दाताच्या पुढच्या बाजूचा सुमारे अर्धा मिलिमीटर थर बहुधा घासावा लागतो. पूर्ण कॅप बसवायची तर दात सगळीकडून घासून खुंटीसारखा करावा लागतो. २००२ साली एडेलहॉफ आणि सोरेनसेन यांनी निरनिराळ्या पद्धतींत दाताचा दिसणारा भाग किती जातो हे वजन करून पाहिले. व्हीनिअरसाठी तो ३ ते ३० टक्के गेला, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. इनॅमल एकदा गेले की शरीर ते पुन्हा तयार करत नाही. आता पहिला फलक पुन्हा वाचा. एकसारखे, अपारदर्शक, पांढरेशुभ्र दात दोन भेटींत हवे असतील तर सगळ्यांत सोपा मार्ग कोणता? वाकडा दात तारेने सरळ करायला दीड-दोन वर्षे लागतात. तो घासून वर कॅप घालायला दोन भेटी पुरतात. ब्रिटनमधून स्वस्तात दात करून घ्यायला तुर्कस्तानला जाणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हेच बोलले गेले. व्हीनिअर करून आलो असे सांगणाऱ्या काहींच्या तोंडात प्रत्यक्षात निरोगी दात कापून बसवलेल्या कॅप होत्या. म्हणजे फलकावरचे चित्र हे निव्वळ चित्र नसते. रोगी दवाखान्यात येऊन काय मागणार, ते त्या चित्रात ठरत असते.

हे मी पुस्तकांतून शिकण्याआधी घरात शिकलो. आईला पूर्ण कवळी बसवायची ठरली तेव्हा ती सत्तरीत होती. दंतवैद्यांनी टेबलावर नमुन्याच्या दातांची पट्टी ठेवली. पंखा उघडावा तशी ती उघडते, आणि तिच्यावर १६ छटांचे दात असतात, अक्षरांनी आणि आकड्यांनी ओळखायचे. तांबूस-तपकिरी झाकेचा ‘ए’ गट, पिवळसर ‘बी’, राखी ‘सी’ आणि तांबूस-राखी ‘डी’. डॉक्टर म्हणाले, “आजींच्या वयाला ए-साडेतीन बरा दिसेल.” तो नमुना पाहून आम्ही भावंडे एका सुरात म्हणालो, “इतका पिवळा? नको, पांढराच द्या.” भिंतीवर कसले तरी गुळगुळीत चित्र होते, माझ्या पुतण्याने त्याच्याकडे बोट दाखवले. आईला कोणी विचारले नाही.

कवळी पक्की होण्याआधी एकदा मेणात दात रोवून तोंडात घालून बघतात. बदल करायचा तर तो त्याच भेटीत. नंतर मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक येते आणि मग काही हलत नाही. त्या भेटीला आम्ही घाईत होतो. पांढरे, सरळ, एकसारखे दात आले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, “काकी, दहा वर्षांनी तरुण झालात.” आई मात्र हसताना तोंडाला पदर लावू लागली. एकदा आरशासमोर बसून मला म्हणाली, “अरे, हे कुणा दुसरीचे आहेत रे.”

आम्हांला न कळलेली गोष्ट जॉन फ्रश आणि रोलंड फिशर या दोन अमेरिकन दंतवैद्यांनी १९५०च्या दशकात लिहून ठेवली होती. कवळीतले दात माणसाचे वय आणि व्यक्तिमत्त्व पाहून रचावेत, म्हाताऱ्या माणसाच्या दातांच्या धारा झिजलेल्या असाव्यात, एखादा दात किंचित फिरलेला असावा, आणि ओठांच्या कोपऱ्यांतला अंधार बुजवू नये, नाहीतर तोंड ‘कवळीचे’ दिसते, असा त्यांचा आग्रह होता. बायकांचे दात गोल आणि पुरुषांचे चौकोनी असावेत हा त्यांचा नियम पुढच्या तपासण्यांत टिकला नाही. नुसते दात बघून ते बाईचे की पुरुषाचे हे लोकांना ओळखता येत नाही. पण वयाबद्दलचे आणि सावलीबद्दलचे त्यांचे निरीक्षण टिकले. चार वर्षांनी आईची दुसरी कवळी करायची वेळ आली तेव्हा मी तिचा जुना फोटो घेऊन गेलो. मावशीच्या लग्नातला, मोकळेपणाने हसतानाचा. त्यात डावीकडचा अरुंद दात मधल्या दातावर जरासा चढलेला होता. डॉक्टरांनी मेणात तो तसाच रोवला. रंग ए-साडेतीन. मेणाची कवळी तोंडात घालून आईने आरशात पाहिले, आणि पदर खालीच राहिला.

म्हणून दुसऱ्या फलकासमोर मी थोडा भावुक होऊन उभा होतो, हे कबूल करतो. त्या बाईचाही डावा दात तसाच चढलेला होता. पण समीक्षेचे काम इथे संपत नाही, कारण जी जाहिरात आपल्याला आवडते ती जास्त बारकाईने वाचायला हवी. मी खालचा बारीक मजकूर वाचला. उपचारांची यादी होती आणि तिच्यात पहिले दोन शब्द होते व्हीनिअर आणि ब्लीचिंग. वर हसणाऱ्या बाईने या दोहोंपैकी काही करून घेतले असेल, असे तिच्या दातांवरून मुळीच दिसत नव्हते. मग ती तिथे कशाची साक्ष देत होती? ‘आम्ही फक्त सांभाळतो’ हे चित्राचे म्हणणे आणि ‘आम्ही बदलून देतो’ हे यादीचे म्हणणे. पहिला फलक निदान जे विकत होता तेच दाखवत होता. दुसरा जे विकत नव्हता त्याच्या जोरावर विकत होता.

आणखी एक गोष्ट. ती बाई ‘नैसर्गिक’ होती, पण तिच्या नैसर्गिकपणाचीही निवड झालेली होती. तिच्या दातांवर मिशरीचा काळपट थर नव्हता, जो आमच्या भागातल्या तिच्या वयाच्या कितीतरी बायकांच्या दातांवर असतो. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराईडने दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे उठतात, तेही नव्हते. तिचा एकही दात पडलेला नव्हता. थोडा चढलेला दात चालतो, थोडा पिवळा सुळा चालतो, पण गरिबीची आणि पाण्याची खूण चालत नाही. खऱ्या दातांचेही एक सभ्य रूप ठरवले जाते आणि तेवढेच फलकावर येते.

‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे शेजारी छापणाऱ्या जाहिराती जास्त प्रामाणिक वाटतात, पण त्याही जपून वाचाव्यात. दात ओला असतो तेव्हा त्याचा खरा रंग दिसतो. गाल आणि ओठ बाजूला धरून तोंड दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवले की दात सुकतो आणि काही न करताही पांढरा दिसू लागतो. पूर्ववत व्हायला त्याला काही तास, कधी एखादा दिवसही लागतो. म्हणूनच चांगला दंतवैद्य रंग ठरवण्याचे काम उपचाराच्या आधी, दात ओले असताना करतो. उपचार संपल्याबरोबर खुर्चीतच काढलेल्या ‘नंतर’च्या छायाचित्रात काही पांढरेपणा उपचाराचा आणि काही निव्वळ कोरडेपणाचा असतो. ओळखायची खूण म्हणजे दातांवरची चकाकी. ओल्या दातावर प्रकाशाचा ठिपका तीक्ष्ण असतो, सुकलेल्या दाताचा पृष्ठभाग खडूसारखा मंद दिसतो. दोन चित्रांतली हिरडी आणि ओठ यांचा रंगही ताडून पाहावा. तोही बदललेला असेल तर बदल दातांत नसून दिव्यात आहे.

खरे तर रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करणे दंतवैद्यांच्या आचारसंहितेला मान्यच नाही. तरी फलक उभे राहतात, आणि ते उभे राहणार असतील तर त्यांच्याकडून मागायचे काय, हा प्रश्न उरतो. माझ्या मते खऱ्यासारखे दिसणारे दात एवढीच मागणी अपुरी आहे. ज्याचे हसू दाखवले त्याच्या तोंडात काय केले, ते त्याच फलकावर एका ओळीत असावे. ‘हिरड्यांचे उपचार, दोन दातांत सिमेंट, रंग बदललेला नाही’ असे त्या बाईखाली लिहिले असते, तर तो फलक मी या लेखात निःशंकपणे चांगला म्हटला असता.

आपल्या जुन्या काव्यपरंपरेने दातांना कुंदकळ्या आणि डाळिंबाचे दाणे म्हटले. त्या उपमा गुळगुळीत झाल्या आहेत, पण हातात कुंदाची कळी घेऊन पाहावी. ती टोकाकडे निमुळती असते, देठाशी तिचा रंग वेगळा असतो आणि दोन कळ्या कधी एकसारख्या नसतात. डाळिंबाचा दाणा तर पांढरा नसतोच, त्याच्यातून प्रकाश आरपार जातो. ज्यांनी या उपमा प्रथम योजल्या त्यांनी दात नीट पाहिले होते. पांढऱ्या पट्टीची उपमा त्यांच्यापैकी कुणाला सुचली नाही.

यंदाच्या पावसाळ्यात दोन्ही फलक उतरले. त्यांच्या जागी नवा आला आहे, तोही दातांचाच. बस थांबली की मी सवयीने मधल्या रेघेपासून मोजू लागतो. एक, दोन, आणि तिसऱ्या जागी सुळा शोधतो.